खोडून टाकणे आणि दुरुस्त करणे

२०२५च्या नोव्हेंबर महिन्यात ब्रह्मपुरीचे नाव अचानक देशभर गाजले, आणि ते एका न घडलेल्या घटनेमुळे. वनविश्रामगृहाच्या बाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसावर वाघ झेप घेतो आणि त्याला ओढून नेतो, अशी एक चित्रफीत त्या दिवसांत हजारो फोनांवरून फिरली. पहारा देणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रणासारखीच ती दिसत होती आणि तिच्यावर तारीख व वेळही उमटलेली होती. अशी कोणतीही घटना घडलेली नाही, चित्रफीत कृत्रिमरीत्या तयार केलेली आहे, असे वनविभागाने जाहीर केले. त्यानंतर अनेकांनी ती आपापल्या टाइमलाइनवरून आणि गटांवरून गुपचूप काढून टाकली. ज्यांनी काढली त्यांना आपले कर्तव्य पार पडले असे वाटले. प्रस्तुत लेखाचा विषय हे वाटणेच आहे. पुढे पाठवलेली अफवा काढून टाकणे आवश्यक आहे यात वाद नाही. परंतु ती नुसती काढणे आणि तिची दुरुस्ती करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीने आपले घर झाडले जाते. दुसरीने आपण शेजाऱ्याच्या अंगणात टाकलेला कचरा उचलला जातो. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत या दोहोंतला फरक माणसाच्या जिवापर्यंत जाऊन पोहोचू शकतो.

हा फरक समजण्यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचा एक दाखला घेऊ. सातबाऱ्यावर चुकीचे नाव लागले तर तलाठी ते रबराने पुसत नाही. फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक आणि तारीख मिळते, जुने नाव कंसात जाते आणि नवे नाव त्याखाली येते. व्यापाऱ्याच्या खतावणीतही हीच रीत आहे. चुकीची रक्कम खाडाखोड करून मिटवायची नसते. तिला उलट करणारी दुसरी नोंद करायची असते. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या टिकली याचे कारण नैतिक जितके आहे तितकेच व्यवहाराचेही आहे. चुकीच्या नोंदीवर विसंबून तोपर्यंत कोणी तरी व्यवहार केलेला असतो. नोंद गडप झाली तर त्याला आपण कशावर विसंबलो होतो हे कळत नाही, आणि आता कशावर विसंबावे हेही कळत नाही. अफवेचे अगदी असेच आहे. आपण पाठवलेला संदेश वाचून कोणी मुलीला रानात जाऊ दिले नसेल, कोणी मजुरी बुडवली असेल, कोणी पुढच्या वीस जणांना तो पाठवला असेल. आपल्या फोनमधून तो नाहीसा झाला तरी या व्यवहारांतला एकही उलटत नाही.

आता यंत्राचा विचार करू, कारण पुष्कळ गैरसमज तेथेच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘Delete for everyone’ हा पर्याय संदेश पाठवल्यापासून सुमारे ६० तासांपर्यंत मिळतो. तो वापरला की त्या गटातील संदेश जातो आणि त्याच्या जागी संदेश काढल्याची खूण राहते. ‘सर्वांसाठी’ या शब्दाचा अर्थ मात्र त्या एका गटातील सर्व, एवढाच आहे. गटातील एखाद्या सभासदाने तो संदेश आधीच दुसऱ्या गटावर पाठवला असेल तर ती प्रत स्वतंत्र झाली. आपल्या काढण्याचा तिच्याशी काहीही संबंध उरत नाही. ज्याने चित्रफीत आपल्या फोनच्या गॅलरीत उतरवून घेतली त्याच्याकडेही ती राहू शकते. तो संदेश पुढे कोठे गेला हे पाठवणाऱ्याला कधीच दिसत नाही. फेसबुकवरही दुसऱ्याची पोस्ट आपण आपल्या टाइमलाइनवर घेतली असेल, तर काढताना केवळ आपली प्रत निघते. मूळ पोस्ट आणि इतरांच्या प्रती तशाच राहतात. आणि आपण स्वतः लिहिलेल्या जुन्या पोस्टचा मजकूर गुपचूप बदलला, तर ज्यांनी ती काल पाहिली त्यांना आज बदल झाल्याचे कोणी कळवत नाही. थोडक्यात, काढणे म्हणजे फक्त पुढच्या वाचकाची वाट बंद करणे. जो वाचून गेला त्याच्यापर्यंत ते पोहोचतच नाही.

समजा, सिंदेवाही तालुक्यातील एका कार्यकर्त्याने ती चित्रफीत रात्री ८ वाजता दोनशे सभासदांच्या गटावर टाकली आणि सकाळी ७ वाजता ती खोटी असल्याचे त्याला समजले. त्याने ती मुकाट्याने काढली. आता त्या गटात काय स्थिती असेल? रात्रीतून दीडशे जणांनी ती पाहिली असेल तर त्या दीडशे जणांच्या मनात वाघ विश्रामगृहाच्या दारात तसाच उभा आहे. उरलेल्या पन्नासांना फक्त संदेश काढल्याची खूण दिसते. त्यांतले काही जण ‘काय होते?’ म्हणून विचारतात, आणि पाहिलेले लोक त्यांना सांगतात, बहुधा मूळापेक्षा थोडे वाढवूनच. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. आपल्या भागात वनविभाग आणि गावकरी यांच्यात अविश्वासाची जुनी दरी आहे. वनहक्काचे दावे, सरपणाच्या मोळ्या, गुरांची चराई, नुकसानभरपाईचे हेलपाटे यांतून ती रुंदावत गेली आहे. अशा वातावरणात संदेश कारणाविना नाहीसा झाला की लोक त्याचा अर्थ ‘खोटा होता’ असा लावतीलच असे नाही. ‘वरून दबाव आला’ असाही लावतील. मौनाला स्वतःचा अर्थ नसतो. ऐकणाऱ्याच्या मनात जी शंका आधीच असते तिचा अर्थ ते उचलते. म्हणजे गुपचूप खोडण्याने अफवा मरत नाही. उलट, दडपल्या गेलेल्या सत्याचे वलय तिला मिळते.

यावर कोणी म्हणेल, एका बनावट चित्रफितीने असे काय बिघडते? लोक चार दिवस भितील आणि विसरतील. पण वाघाचा प्रश्न येथे करमणुकीचा नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातच तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात जेमतेम काही दिवसांचा असतो आणि त्या दिवसांच्या मजुरीवर पावसाळ्यातले धान्य, खते-बियाणे आणि मुलांच्या वह्या अवलंबून असतात. या बायांना रोज पहाटे एक हिशेब करावा लागतो: आज कोणत्या बाजूला जावे, किती जणींनी जावे, जावे की नाही. या हिशेबात त्यांच्या हाती असलेले एकमेव साधन म्हणजे खात्रीची बातमी. खोटी बातमी या साधनाची धार दोन्ही बाजूंनी बोथट करते. तिच्यावर विश्वास ठेवला तर मजुरी जाते. आणि अशा चार बातम्या खोट्या निघाल्या की पाचवी, खरी बातमीही कोणी मनावर घेत नाही. ‘मागच्या वेळीही असेच म्हणाले होते’ हे वाक्य रानात जाणाऱ्याच्या तोंडी आले की इशारा देणाऱ्या वनरक्षकाचा, पोलीस पाटलाचा आणि आपल्या कार्यकर्त्याचाही शब्द हलका झाला.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर गुपचूप खोडण्याचा लाभ खोडणाऱ्याला मिळतो आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते. कारखानदार आपले सांडपाणी नदीत सोडतो आणि खालच्या गावाला ते प्यावे लागते, त्या प्रकारचाच हा व्यवहार आहे. खालच्या गावाच्या बाजूने लढणाऱ्यांनी तरी तो करू नये, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.

अफवेचा शेवट कोठपर्यंत जाऊ शकतो हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. भिक्षेकरी म्हणून फिरणारी ही माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. त्या काळात मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश देशभर फिरत होते. त्यांतली एक चित्रफीत तर पाकिस्तानातील कराची शहरात बालसुरक्षेच्या प्रचारासाठी बनवलेली होती; ‘ही नाट्यरूप जाहिरात आहे’ हे स्पष्ट करणारा तिचा शेवटचा भाग कोणी तरी कापून टाकला होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. या मर्यादांनी वेग कमी झाला. परंतु फोनमध्ये पोहोचलेली खोटी गोष्ट माणसाच्या मनातून काढण्याचे काम कोणत्याही कंपनीच्या मर्यादेने होत नाही. ते काम, ज्याच्या नावाने ती गोष्ट पोहोचली त्यालाच करावे लागते. ‘अमक्या भाऊंनी पाठवली’ म्हणून ज्याने विश्वास ठेवला, तो अमक्या भाऊंच्याच शब्दाने तो मागे घेईल. मुंबईहून निघालेल्या खुलाशाने कदाचित घेणार नाही.

मग दुरुस्ती कशी करावी? पहिली गोष्ट म्हणजे खोडण्याच्या आधी क्षणभर थांबावे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण पाठवलेल्या संदेशावर बोट दाबून धरले आणि ‘Info’ पाहिले, तर गटातील कोणाकोणाला तो पोहोचला आणि कोणी वाचला यांची यादी दिसते. संदेश काढला की ही यादीही हातची गेली. म्हणून ती आधी पाहून टिपून ठेवावी, संदेश कोणकोणत्या गटांवर आणि कोणत्या वेळी टाकला तेही लिहावे. ज्यांनी वाचला त्यांपैकी दहा-पंधरा जण तरी असे असतात की ज्यांच्या शब्दावर आणखी लोक चालतात: सरपंच, शिक्षक, आशाताई, तेंदू संकलनाचा फडी मुन्शी. त्यांना स्वतंत्रपणे फोन करावा. मग मूळ संदेश काढावा आणि त्याच मिनिटाला, त्याच गटावर, नव्या संदेशाने दुरुस्ती टाकावी. मूळ संदेशाला उत्तर म्हणून दुरुस्ती जोडू नये, कारण मूळ काढला तरी उत्तराच्या माथ्यावर त्याचा तुकडा दिसत राहू शकतो. चित्रफीत पुन्हा जोडू नये. तिच्यावर लाल फुली मारूनही नको. फुली विसरली जाते आणि वाघ लक्षात राहतो.

दुरुस्तीचा मजकूर कसा असावा याचा एक नमुना देतो. वरच्या उदाहरणातील कार्यकर्त्याने सकाळी असे लिहायला हवे होते:

‘ब्रह्मपुरीच्या वनविश्रामगृहात वाघाने कोणालाही नेलेले नाही. काल रात्री ८ वाजता या गटावर मी तशी चित्रफीत टाकली होती. ती बनावट आहे. वनविभागाने तसे जाहीर केले आहे, आणि ब्रह्मपुरीतील आपल्या माणसांना फोन करून मी स्वतःही खात्री केली. पाहणाऱ्यांची संख्या वाढावी म्हणून लोक अशा फिती बनवून सोडतात. मी खात्री न करता ती पाठवली, ही माझी चूक. आता ती येथून काढली आहे. ज्यांनी ती दुसरीकडे पाठवली असेल त्यांनी ही दुरुस्ती त्याच ठिकाणी पाठवावी. आपल्या रानात वाघ आहे हे मात्र खरे आहे. एकटे जाऊ नये आणि वनरक्षकाने मना केलेल्या भागात जाऊ नये.’ त्याखाली नाव, गाव, तारीख.

या मजकुरातील प्रत्येक वाक्याला कारण आहे. पहिले वाक्य खरी स्थिती सांगते. अफवा सांगत नाही. पुष्कळ लोक पहिली ओळच वाचतात, म्हणून तेथे सत्य असावे. दुसऱ्या वाक्यात वेळ आणि ठिकाण आहे. ‘मध्यंतरी एक संदेश फिरत होता’ असे मोघम लिहिले तर कोणता संदेश हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि लिहिणाराही निसटतो. ‘ती माझ्याकडून गेली’ हे कर्मणी वळण टाळावे. मी पाठवली, असे म्हणावे. माफीचे लांबण मात्र नको, कारण त्यात मुख्य गोष्ट बुडते.

फिती कोठून येतात हे सांगणारे वाक्य अनावश्यक वाटेल, परंतु तेच सर्वांत कामाचे आहे. मानसशास्त्रज्ञ जॉन्सन आणि सायफर्ट यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना एका गोदामाला लागलेल्या आगीचा वृत्तांत वाचायला दिला. आधी सांगितले की एका कपाटात रंगाचे डबे आणि गॅसच्या टाक्या होत्या. पुढे दुरुस्ती केली की कपाट रिकामेच होते. दुरुस्ती वाचून, लक्षात ठेवूनही लोक नंतरच्या प्रश्नांना उत्तरे देताना रंगाचे डबे आणि टाक्या यांचाच आधार घेत राहिले. पण आग मुद्दाम लावल्याचा पुरावा सापडला, असे दुसरे कारण दिले तेव्हा हा प्रभाव बराच घटला. निष्कर्ष साधा आहे. मनात एक जागा भरलेली असते. ती नुसती रिकामी करा म्हटले तर माणूस जुनेच सामान परत आणून ठेवतो. त्या जागी काही तरी खरे ठेवावे लागते. ‘ते खोटे आहे’ हे पुरेसे नाही. ‘मग ते आले कोठून?’ याचेही उत्तर द्यावे लागते.

शेवटच्या वाक्याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. बहुतेक अफवांच्या पोटात खऱ्याचा एक दाणा असतो आणि घाईत केलेली दुरुस्ती तो दाणाही फेकून देते. ‘वाघाच्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका’ असे कोणी लिहिले तर ती दुरुस्ती मूळ अफवेहून घातक ठरेल, कारण ती वाचून एखादी बाई उद्या पहाटे एकटी रानात जाईल. दुरुस्ती खोट्या गोष्टीएवढीच असावी, तिच्याहून मोठी नसावी. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतही हेच लागू आहे: ‘अशी टोळी आलेली नाही’ एवढ्यावर न थांबता, ‘मूल दिसेनासे झाले किंवा कोणाचा संशय आला तर ११२ वर पोलिसांना कळवा, कोणाच्याही अंगाला हात लावू नका’ हेही लिहिले पाहिजे.

खात्री कशी करावी, हा प्रश्न येथे येतोच. सरकारी खुलासा हा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. आपल्या भागात तो कधी उशिरा येतो आणि कधी लोकांना पटत नाही. परंतु वाघाने माणूस मारला असेल तर त्याच्या मागे खुणा राहतात. मृताला नाव असते, गाव असते, घरी रडणारी माणसे असतात. पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, नुकसानभरपाईचा प्रस्ताव जातो, आणि बहुतेक वेळा संतप्त गावकऱ्यांचा मोर्चाही निघतो. अफवेला यांपैकी काहीच नसते; तिच्यात ‘एक माणूस’ असतो आणि ‘आपल्याच भागात’ असते. म्हणून ज्या गावाचे नाव घेतले आहे तेथील ओळखीच्या माणसाला केलेला एक फोन शंभर तर्कांपेक्षा मोलाचा. आणि सगळे करूनही उलगडा झाला नाही तर? तर ‘खोटे’ म्हणू नये. ‘मी पाठवलेल्या गोष्टीला आधार सापडलेला नाही, म्हणून ती मागे घेत आहे, कळले की सांगेन’ असे लिहावे, आणि कळले की खरेच सांगावे.

अफवेत माणसाचे नाव असेल तेव्हा मात्र वेगळा नियम लागतो. जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना, त्यांत वृद्ध स्त्री-पुरुषही होते, बांधून मारहाण करण्यात आली. अशा संशयाची कुजबूज जर फोनवर आली आणि आपल्या हातून पुढे गेली, तर दुरुस्तीत ते नाव पुन्हा घेणे म्हणजे त्या घराकडे पुन्हा बोट दाखवणे होय. तेथे नाव न घेता, ‘अमुक तारखेच्या संदेशात एका कुटुंबावर केलेला आरोप निराधार आहे, जादूटोण्याने कोणी आजारी पडत नाही आणि असा आरोप करून छळणे हा २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे’ असे लिहावे. आणि लिहिण्याच्या आधी त्या घरी स्वतः जाऊन यावे. त्यांना धोका वाटत असेल तर पोलीस ठाण्यात कळवणे हा दुरुस्तीचाच भाग आहे.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडे गेले की आणखी एक अडचण उभी राहते. एटापल्ली-भामरागडच्या अनेक गावांत संपर्क सलग मिळत नाही. बाजाराच्या दिवशी माणूस गावाबाहेर येतो, फोनला जाळे मिळते, संदेश उतरतात, आणि तो पुन्हा आत जातो. ज्याने अफवा उतरवून घेतली आणि तो आत गेला, त्याच्या फोनवर ना आपले खोडणे पोहोचते ना आपली दुरुस्ती. शिवाय आत गेलेली बातमी फोनवर राहत नाही. ती तोंडी होते आणि माडियात, गोंडीत सांगितली जाते, सिरोंच्याकडे तेलुगूत, मुलचेऱ्याकडच्या वसाहतींत बंगालीत. मराठीत टाकलेली दुरुस्ती या वाटेने चालत नाही. यास्तव, ज्या बाजारातून अफवा आत गेली त्याच बाजारात पुढच्या आठवड्यात उभे राहून, त्याच भाषेत, ती मागे घ्यावी लागते. हे कष्टाचे आहे. पण कार्यकर्त्याचे काम पूर्वीही पायांनीच होत असे.

मोठ्या गटावर सकाळची दुरुस्ती दुपारपर्यंत शुभेच्छांच्या संदेशांखाली गाडली जाते. यावर उपाय म्हणजे ती वर टाचून ठेवणे; व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस गटाच्या माथ्यावर ठेवता येतो. ७ दिवस पुरेत. आणि जेथे अफवा गेलीच नाही तेथे दुरुस्ती पाठवू नये, हेही सांगितले पाहिजे. नाही तर ज्यांना ती ठाऊक नव्हती त्यांच्यापर्यंत आपणच ती नेतो. दुरुस्तीचा मार्ग अफवेच्या मार्गाइतकाच लांब असावा.

आता कार्यकर्त्यांच्या मनातील खरा अडसर. चूक कबूल केली तर विरोधक तिचे छायाचित्र काढून निवडणुकीत दाखवतील, ही भीती खोटी नाही. पण मूळ संदेशाचे छायाचित्रही त्यांच्याकडे आधीच आहे. गुपचूप खोडले तर त्यांच्या हाती संदेश आणि पळ हे दोन्ही पुरावे येतात. दुरुस्ती केली तर संदेशाशेजारी आपली तारीखवार कबुली असते. दुसरी भीती कायद्याची. गटातील दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ गटप्रमुख असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. स्वतः पाठवलेल्या मजकुराची जबाबदारी अर्थात आपली. अफवा पसरवण्यासंबंधीचे भारतीय न्याय संहितेतील कलम ३५३ सद्हेतूने आणि सत्य मानण्यास वाजवी आधार असताना केलेल्या विधानाला अपवाद करते. तत्काळ केलेली दुरुस्ती ही ढाल नव्हे. परंतु हेतू कोणता होता हे दाखवणारी ती गोष्ट आहे, आणि गुपचूप खोडणे नेमका त्याच्या उलट अर्थ सुचवू शकते. तक्रार दाखल झाली असेल तर मात्र काही काढण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

याहून मोठा लाभ वेगळाच आहे. जो माणूस चुकला की सांगतो, त्याच्या न सांगण्यालाही अर्थ येतो. ‘याने काल वाघाचा इशारा दिला आणि अजून मागे घेतला नाही, म्हणजे तो खरा असणार’ असे गाव त्याच्याविषयी म्हणू शकते. जो गुपचूप खोडतो त्याच्या मौनातून काहीच कळत नाही. त्याचा इशारा उभा असला तरी तो खरा म्हणून उभा आहे की त्याला अजून खोडायला वेळ मिळाला नाही, हे कोणी सांगू शकत नाही. येत्या उन्हाळ्यात पुन्हा तेंदूचा फड लागेल, पहाटे पुन्हा बायका निघतील, आणि कोणी तरी गटावर लिहील की आज अमुक नाल्याच्या बाजूला जाऊ नका. त्या एका ओळीवर त्यांनी विश्वास ठेवावा की नाही, हे त्याआधी त्याच गटावर कोणी कोणती चूक उघडपणे मागे घेतली होती यावर ठरणार आहे.